रजेवरची डबी

शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी खपून केलेल्या कामात खोट काढायचा पगार घ्यायची. आणि हे काम ती इतकं मन लावून करायची, की तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी पलीकडच्या रांगेतले प्रोग्रामर माना खाली घालायचे. तिचा प्रत्येक अहवाल एकाच साच्यातला असे: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चौथी ओळ नाही. कुणी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, ‘‘कसा गेला रविवार?’’ तर तिचं उत्तरही जवळजवळ त्याच साच्यातून यायचं. मग हळूहळू लोकांनी विचारणं सोडून दिलं.

पन्नाशीला टेकलेली ही बाई दोन खोल्यांत एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण लांबच्या शहरात, तिचं घर नेहमी भरलेलं. आई मात्र याच शहरात, दोन बस बदलून जावं लागे इतक्या अंतरावर, स्वतःच्या जागेत राहायची. ‘‘माझं मी बघते’’ हे तिचं पालुपद. मायलेकींचं वैर नव्हतं, पण फोनवर बोलायचं म्हटलं की दोघींच्याही जिवावर यायचं. ‘‘तुझा फोन वाजला की मला वाटतं कुणीतरी गेलं,’’ आई म्हणायची. अशा दोघींसाठी ती ‘खुशालीची डबी’ म्हणजे देवानेच धाडलेली सोय होती.

डबी साबणाच्या वडीएवढी. वर एकच बटण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी ते दाबायचं आणि काय बोलायचं ते बोलायचं. आत सिमकार्ड असल्यामुळे निरोप कंपनीकडे जायचा आणि घरच्यांना तो वेबसाइटवर आपल्या खात्यात ऐकायला मिळायचा. दहापर्यंत निरोप आला नाही तर कंपनीची माणसं घरच्यांना फोन करायची. आईचा निरोप वर्षानुवर्षं तोच: ‘‘उठले. चहा झाला. उगाच फोन करू नकोस.’’ शंकाबाई तो रोज बसमध्ये ऐकायची आणि कानातून इअरफोनची बोंडं काढून कामाला लागायची. एवढ्यावर दोघींचं छान चाललं होतं.

मग एका सकाळी आईने बटण दाबलं, उठल्याचं सांगितलं, चहा झाल्याचं सांगितलं, आणि दुपारी झोपेत गेली. डबीच्या लेखी तो दिवस उत्तम होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर कंपनीचा फोन आला, तेव्हा शंकाबाईने दोन बसची वाट न बघता रिक्षा केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, आजही निरोप नाही म्हणून. घरात माणसं बसली होती, थोरली आतल्या खोलीत रडत होती, आणि शंकाबाईच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आई बाहेरगावी गेली आहे.’’

‘‘बरं, मग डबी रजेवर टाकते,’’ पलीकडची बाई म्हणाली. ‘‘परत आल्या की बटण दाबायला सांगा.’’

निरोप वेबसाइटवर आठवडाभरच राहतात, मग आपोआप पुसले जातात, हे शंकाबाईला माहीत होतं. तिने ते पहिल्याच दिवशी तपासलं होतं. पण ते दिवस कसे गेले कळलंच नाही, आणि तिने खातं उघडलं तेव्हा पानावर ‘निरोप नाही’ एवढंच होतं. ऑफिसात क्षुल्लक चुकीचीही पडद्याची तीन-तीन चित्रं जपून ठेवणाऱ्या या बाईकडे आईच्या आवाजाचा एक तुकडा नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण?

आईचं घर रिकामं केलं तेव्हा भांडीकुंडी थोरलीने वाटून टाकली. डबी शंकाबाईने उचलून आणली आणि स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली. ‘‘ती कशाला ठेवलीस? बंद करून टाक,’’ थोरली दर रविवारच्या फोनवर म्हणायची. ‘‘करते,’’ शंकाबाई म्हणायची. मग थोरलीच्या घरात कुणीतरी काहीतरी सांडायचं आणि फोन संपायचा.

एका सुट्टीच्या सकाळी मात्र तिने खरंच मनावर घेतलं. डबीच्या पानाचा पत्ता साठवलेला जुना फोन पाण्यात पडून मेला होता, म्हणून तिने संगणकावर खातं उघडलं आणि डबीच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवरचा पत्ता टाइप केला. पत्त्याच्या शेवटी डबीचा क्रमांक होता. आईच्या ओल्या हातांनी शेवटचा आकडा पुसट झाला होता. तिने तो आठ म्हणून वाचला, होता तीन.

पान उघडलं. ‘निरोप नाही’ असं नव्हतं. ‘आज सकाळी, निरोप एक’ असं होतं. तिचा हात आपोआप पुढे गेला.

‘‘राजा, उठले रे. चहा ठेवलाय. पाय आज बरा आहे. तू जेवून जात जा.’’

आवाज आईचा नव्हता. याच्यात थोडी घरघर होती, आणि प्रेम असं उघड्यावर मांडलेलं होतं, जे आईने जन्मात केलं नसतं. पण बोलायच्या आधीचा तो श्वास, आणि बोलून झाल्यावर बटण सुटलं का, हे बघताना होणारी ती खुडबुड अगदी तशीच होती. शंकाबाई खुर्चीवर बसून राहिली. मग तिच्यातली तपासनीस जागी झाली.

हे काय झालं ते कळायला तिला वेळ लागला नाही. वेबसाइट एवढंच बघत होती, की आलेल्या माणसाने लॉगिन केलं आहे की नाही. ही डबी त्याच्याच माणसाची आहे का, हे ती बघतच नव्हती. सोसायटीच्या वॉचमनने ओळखपत्र बघावं आणि कुणाच्या घरी जाताय हे विचारूच नये, तसं. पत्त्यातला आकडा बदला की दुसऱ्याची डबी उघडते. वर त्या म्हातारीचं नाव होतं, घराचा पत्ता होता, मुलाचा फोन नंबर होता. म्हणजे कुणाही खातेदाराने ठरवलं तर शहरातल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादीच त्याच्या हातात.

अशा वेळी काय करायचं असतं, हे तिला पाठ होतं. आणखी आकडे बदलून बघायचे नाहीत, काही उतरवून घ्यायचं नाही, गावभर करायचं नाही. ज्यांचं आहे त्यांना गुपचूप कळवायचं. त्यासाठी बऱ्याच वेबसाइटवर एका ठरलेल्या जागी एक छोटी फाईल ठेवलेली असते, सुरक्षेबद्दल काही आढळलं तर कुठे लिहायचं हे सांगणारी. या कंपनीचीही होती. एक ईमेल पत्ता, एक ओळ ‘आमच्याकडे बक्षीस योजना नाही’, आणि ही माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे त्याची तारीख. तारीख कधीच उलटून गेली होती.

तिने मेल लिहायला घेतली.

‘काय केलं: माझ्या खात्यात लॉगिन करून डबीच्या पानाचा पत्ता टाइप केला; शेवटचा आकडा चुकला. काय व्हायला हवं होतं: प्रवेश नाकारला जायला हवा होता. काय झालं: अनोळखी कुटुंबाच्या डबीचं पान उघडलं. नाव, पत्ता, नातेवाइकाचा नंबर दिसला. आजचा निरोप ऐकू आला. मी हा निरोप एकदाच ऐकला. दुसरा कोणताही क्रमांक वापरून पाहिलेला नाही. मी हे बक्षिसासाठी लिहीत नाही. मला बक्षीस नको.’

खाली नाव आणि फोन नंबर. मेल तयार होती, बटण दाबायचा अवकाश होता. तिने ती मसुद्यात ठेवली. उद्या पुन्हा एकदा वाचून पाठवू, ती स्वतःला म्हणाली. आजवर शेकडो अहवाल तिने एकदाच वाचून पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिने पुन्हा ते पान उघडलं.

‘‘राजा, उठले. रात्री पाऊस होता का रे तिकडे? इथे नव्हता.’’

आणि तिसऱ्या दिवशीही. चहा घ्यायचा, पान उघडायचं, वरचं नाव-पत्ता दिसू नये म्हणून पडद्याच्या त्या भागावर पिवळी चिठ्ठी चिकटवायची, आणि ऐकायचं. ही चिठ्ठी म्हणजे शंकाबाईच्या मते तिचा प्रामाणिकपणा होता! त्या घरातलं ती काही बघत नव्हती, फक्त ऐकत होती. म्हातारीचा पाय दुखायचा, थांबायचा. खिडकीतल्या रोपाला कळी आली. राजा नावाच्या मुलाने कधी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. शंकाबाई मात्र न चुकता ऐकत होती. ‘‘जेवून जात जा,’’ हे वाक्य आलं की तिला खरंच भूक लागायची, आणि ती पोळी गुंडाळून खाऊन निघायची. आई गेल्यापासून तिने सकाळचं खाणं सोडलं होतं.

मसुद्यातली मेल तशीच पडून होती. ‘एकदाच ऐकला’ हे वाक्य रोज थोडं थोडं खोटं होत चाललं होतं.

शेवटी तिलाच तिची लाज वाटली. एका दुपारी ऑफिसात एका नवख्या पोराला ती झापत होती, ‘‘चूक दिसली आणि तू सांगितली नाहीस? खिशात ठेवलीस?’’ पोरगा खाली बघत उभा होता, आणि बोलता बोलता तिचाच आवाज बसला. जागेवर येऊन तिने ती मेल जशीच्या तशी धाडली. ते एक वाक्य बदलायचा धीर तिला झाला नाही.

मग तिने वाट पाहिली. उद्या उत्तर येईल आणि पान बंद होईल. उद्या आलं, उत्तर आलं नाही, आणि पान उघडलं. परवाही तेच. तिला हळूहळू मोकळं वाटू लागलं. आपण कळवलंय ना? आता ते आणि त्यांचं नशीब. दार उघडं आहे हे घरमालकाला सांगून झालं. तो झोपला असेल तर आपण काय करणार? असं म्हणत बाईसाहेब रोज त्याच दारातून आत जात होत्या. उत्तर येऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. इतकं, की मेलमध्ये काही दिसलं नाही तर ती सुस्कारा सोडायची.

असेच काही आठवडे गेले. मग एका सकाळी तो निरोप आला.

‘‘राजा, ऐक. आजपासून मी ताईकडे जातेय, चार दिवस. डबी नेते बरोबर. किल्ली नेहमीसारखी मीटरच्या पेटीत ठेवलीय, तुला लागली तर. कपाटाचीही तिथेच आहे. काळजी करू नकोस, शेजारीही गावाला गेलेत, त्यामुळे कुणाला त्रास नाही.’’

शंकाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. तिने ती पिवळी चिठ्ठी काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वरचं नीट वाचलं. नाव. घर क्रमांक. मजला. आणि आता त्याखाली, ज्याला हवं त्याने ऐकावं म्हणून, किल्ली कुठे आहे ते. आपण एकट्याच ऐकतो असं तिने धरून चाललं होतं. ऑफिसात कुणी असं धरून चाललं असतं, तर तिने त्याची सालटी काढली असती.

त्या मुलाचा नंबर समोर होता. पण त्याला फोन करून सांगणार काय? मी तुमच्या आईला रोज ऐकते म्हणून? शिवाय एक किल्ली हलवून भागणार नव्हतं. अशा किती किल्ल्या किती मीटरच्या पेट्यांत असतील. तिने ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. संगीत वाजलं, बराच वेळ वाजलं, मग एक बाई आली.

‘‘नमस्कार, डबीचा क्रमांक सांगाल?’’

तिने आईचा सांगितला. तीन, आठ नव्हे.

‘‘हो मॅडम. बटणाचा काही त्रास आहे का? चार्ज होत नाही का?’’

‘‘डबी चांगली आहे. मला तुमच्या वेबसाइटबद्दल बोलायचंय. कुणाचेही निरोप कुणालाही ऐकता येतात.’’

‘‘निरोप ऐकू येत नाहीयेत का?’’

‘‘येतायत! तोच तर त्रास आहे. दुसऱ्यांचे येतायत.’’

पलीकडे कळफलकाचा आवाज झाला. ‘‘मॅडम, तुमच्या डबीवर गेले काही महिने निरोपच नाही. रजेवर आहे. आई बाहेरगावी गेल्याची नोंद दिसतेय.’’ मग ती बाई मायेने म्हणाली, ‘‘बरेच दिवस झाले हो. कधी येणार परत?’’

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिंव टिंव आवाज येत राहिला.

‘‘मॅडम? आहात ना?’’

‘‘आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ते राहू द्या. हे लिहून घ्या आणि तुमच्या सुरक्षेची मेल जो बघतो त्याला आत्ताच्या आत्ता द्या. लिहा: लॉगिन केलेला कुणीही माणूस पत्त्यातला क्रमांक बदलून कुठलीही डबी उघडू शकतो. मी मेल केली आहे. एका बाईने आज घराची किल्ली कुठे ठेवली ते सांगितलंय.’’ आणि तिने तो आठवाला क्रमांक दिला.

बाईने सगळं परत वाचून दाखवलं. बाई हुशार होती, एकही शब्द चुकली नाही.

तासाभरात फोन आला. पुरुषाचा आवाज, धाप लागल्यासारखा.

‘‘सुरक्षेचं मी बघतो. म्हणजे मी एकटाच बघतो. मॅडम, पहिल्यांदा सांगतो, त्या बाईंच्या मुलाला आम्ही फोन केलाय, किल्ली शेजारच्या इमारतीत द्यायला सांगितली. ते पानही आत्ता सगळ्यांसाठी बंद ठेवलंय. तुमची मेल सापडली. तुम्ही सांगितलंय ते जसंच्या तसं खरं आहे.’’

‘‘सापडली? होती कुठे?’’

तो जरा घुटमळला. ‘‘केराच्या फोल्डरमध्ये. काय होतं, रोज ढिगाने मेल येतात. ‘तुमच्या वेबसाइटमध्ये भयंकर भोक आहे, बक्षीस किती देणार ते आधी सांगा.’ उघडून बघावं तर काही नसतं. मी एकटा माणूस, किती वाचणार? म्हणून मी नियम लावला होता, ‘बक्षीस’ शब्द असलेली मेल थेट केरात.’’

‘‘पण मी तर नको म्हटलं होतं.’’

‘‘तेच ना. नको म्हटलंत तरी शब्द आलाच. काही मागितलं नसतंत, नको असंही लिहिलं नसतंत, तर त्याच दिवशी वाचली असती.’’ तो स्वतःवरच चिडून हसला. ‘‘हा नियम लावताना तपासायला तुमच्यासारखं कुणीतरी हवं होतं शेजारी.’’

तिलाही हसू आलं असतं. पण तिला माहीत होतं, पुढे काय येणार आहे. आलंच.

‘‘एक विचारू का?’’ तो म्हणाला. आवाज आता जपून होता. ‘‘मी नोंदी काढल्या. कुठल्या खात्यावरून कुठली डबी उघडली, ते आमच्याकडे राहतं. एक चांगली गोष्ट, जेवढ्या जुन्या नोंदी आहेत त्यात असा दुसऱ्याच्या डबीत गेलेला कुणीच नाही. तुम्ही सोडून. पण तुम्ही लिहिलंय की एकदाच ऐकला. आणि तुमच्या खात्यावरून ती डबी... रोज उघडलीय. रोज सकाळी. मला वरती अहवाल द्यायचाय, मॅडम. वकील विचारतील. मी काय लिहू?’’

काहीही सांगता आलं असतं. दुरुस्त झालं का ते रोज बघत होते, असं म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं. थोडंफार खरंही होतं. तिने तोंड उघडलं आणि ते वाक्य जिभेवर आलंही. मग तिची नजर चहा-साखरेच्या डब्यांकडे गेली.

‘‘ते वाक्य मसुदा लिहिला तेव्हा खरं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘पाठवला तेव्हा नव्हतं. मी रोज ऐकत होते.’’

‘‘का?’’

‘‘माझी आई गेली. तिचे निरोप पुसले गेले, मी ठेवले नाहीत.’’ एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. ‘‘ह्या बाई रोज सकाळी सांगायच्या, उठले म्हणून. मला ते ऐकायची सवय झाली. बंद व्हायला नको होतं. म्हणून मी मेल दाबून ठेवली, आणि तुमचं उत्तर येत नव्हतं तेव्हा मला बरं वाटत होतं. हे चूक आहे. लिहा, रोज सकाळी. जसं आहे तसं लिहा.’’

पलीकडे कळफलकाचा आवाज सुरू झाला.

‘‘लिहितो,’’ तो म्हणाला. ‘‘आणि हेही लिहितो की सांगितलं तुम्हीच, दोनदा. त्यांच्या घरच्यांना कळवावं लागेल की एका अनोळखी व्यक्तीने निरोप ऐकले. तुमचं नाव त्यांना देणार नाही. बाकी वरचे काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही.’’

‘‘चालेल,’’ ती म्हणाली. आणि मग सवयच ती, राहवलं नाही. ‘‘एक मात्र करा. नुसते क्रमांक लांबलचक करून भागवू नका. अंदाज बांधता आला नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. ह्या माणसाची ही डबी आहे का, ते प्रत्येक वेळी तपासा. पानालाही आणि आवाजाच्या फाईललाही.’’

‘‘मॅडम, एवढं कळतं मला,’’ तो म्हणाला, पण हसत. ‘‘आवाजाच्या फाईलची मात्र बरी आठवण केलीत.’’

दोन दिवसांनी त्याची मेल आली. दुरुस्ती झाली होती. वरचे आभार मानत होते आणि पुन्हा असं करू नये असं कडक शब्दांत बजावतही होते, एकाच परिच्छेदात. खाली त्याने स्वतःचं म्हणून लिहिलं होतं: ‘तुमच्या बाजूने एकदा तपासून कळवाल का? परक्याला नकार मिळतो का, आणि हक्काच्याला आत जाता येतं का, दोन्ही. परवानगी घेतली आहे. माझ्याखेरीज बघणारं कुणी नाही.’

शंकाबाईने सुट्टीच्या सकाळी चहा केला आणि संगणकापुढे बसली. आधी नकार. तिने पत्ता टाइप केला आणि शेवटी, या खेपेला जाणूनबुजून, आठ लिहिला. बोट बटणावर जरा रेंगाळलं. पलीकडे कुठेतरी ती म्हातारी बहिणीकडून परतली असेल, कळीचं फूल झालं असेल. मग तिने बटण दाबलं.

‘हा निरोप तुमच्यासाठी नाही.’

पांढऱ्या पानावर एवढंच. तिने ते दोनदा वाचलं. बरोबर होतं. हेच व्हायला हवं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसत पुसत त्याचं चित्र घेऊन ठेवत होती, कारण अहवालाला पुरावा लागतो.

आता दुसरं राहिलं. हक्काच्याला आत जाता येतं का? तिने शेवटी तीन लिहिला. पान उघडलं: ‘निरोप नाही.’ यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पान उघडतं एवढं कळलं, आवाज ऐकू येतो का हे कळत नव्हतं. निरोप असेल तरच ते तपासता येणार. शंकाबाईसारखी बाई अर्धवट तपासणीवर सही करणार नव्हती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने डबीची वायर भिंतीला लावली. हिरवा दिवा लागला. तिने बटण दाबलं.

काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. तिने श्वास घेतला.

‘‘उठले,’’ ती म्हणाली. ‘‘चहा झाला.’’

आणि बटण सुटलं का ते बघताना तिच्या हातून डबी चमच्यांवर घासली गेली.

संगणकावर ‘आज सकाळी, निरोप एक’ आलं होतं. तिने ऐकलं. आधीचा श्वास, मग ती दोन वाक्यं, मग ती खुडबुड. आवाज तिचाच होता, पण आपला आवाज इतका आईवर गेलाय हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने तो पुन्हा लावला नाही. आधी उतरवून ठेवला, दोन ठिकाणी.

मेल लिहायला घेतली तेवढ्यात फोन वाजला.

‘‘नमस्कार मॅडम, खुशालीच्या डबीकडून बोलतेय,’’ तीच बाई, आवाजात आनंद. ‘‘तुमची डबी रजेवरून परत आलेली दिसली. आई आल्या वाटतं घरी?’’

शंकाबाईने पान बंद केलं नाही. टेबलाची कड धरली.

‘‘नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘आई गेली. तेव्हाच गेली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’’

‘‘अरे देवा,’’ बाई म्हणाली, आणि तिचा पाठ केलेला सूर कुठच्या कुठे गेला. ‘‘मग आज बटण...’’

‘‘मी दाबलं. इथे मीच असते.’’

‘‘एकट्याच?’’

‘‘एकटीच.’’

मग बाई हळूच म्हणाली, ‘‘डबी बंद करायची असेल तर आत्ता करून देते. किंवा तुमच्या नावावर करता येते. पण मग ऐकणारं कुणीतरी लागतं. नाव आणि नंबर. त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.’’

ऐकणारं कुणीतरी. शंकाबाईने फार विचार केला असं नाही. विचार करावा इतकी नावं तिच्याकडे नव्हती.

‘‘मी विचारून सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘दहा मिनिटं थांबाल?’’

फोन ठेवून तिने थोरलीचा नंबर लावला. रविवारचा फोन नेहमी थोरलीच करायची. घंटा वाजत राहिली, मग पलीकडे कुणीतरी दार आपटलं, पोरं ओरडली, आणि त्या सगळ्यातून थोरलीचा घाबरलेला आवाज आला.

‘‘छोटे? तू फोन केलास? काय झालं गं?’’

‘‘काही नाही, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘उठले, एवढंच सांगायचं होतं.’’